तीस जूनचा हिशेब आणि बंद पडलेली डिस्क

खानदेशातल्या कृषी सेवा केंद्राला जून महिना एखाद्या वर्षासारखा जातो. पाचोरा, भडगाव, जामनेर या पट्ट्यात कपाशी आणि मक्याचा पेरा जूनमध्ये होतो. बियाणे, डीएपी, युरिया आणि पहिल्या फवारणीची औषधे यांची विक्री पाच-सहा आठवड्यांत उरकते. त्यातला मोठा हिस्सा उधारीवर जातो, कारण शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे, कापूस विकल्यावर. म्हणून तीस जूनच्या महिनाअखेरीला अशा दुकानात तीन हिशेब एकाच वेळी बंद होतात: विक्रीचा, मालाचा आणि येण्याचा. एप्रिल ते जून ही तिमाही संपते, त्यामुळे जीएसटीचे विवरणही याच आकड्यांवर उभे राहते. नेमक्या त्या दिवशी बिलिंगच्या संगणकाची डिस्क गेली, तर काय हातातून जाते, काय परत मिळते आणि ते कसे मिळवायचे, याचा हा वृत्तान्त आहे. येथे घेतलेले दुकान नमुन्याचे आहे आणि त्याचे आकडे उदाहरणासाठी बसवलेले आहेत. नियम, तारखा आणि यंत्राचे वागणे मात्र खरे आहे.

दुकान पाचोऱ्याच्या बाजारपेठेतले, पत्र्याच्या छपराचे. गल्ल्यामागे पाच वर्षांचा संगणक, एक टीबीची फिरती हार्डडिस्क, ठिपक्यांचा प्रिंटर आणि कार्बन लावलेला दुहेरी कागद. बिलिंगचा प्रोग्राम स्थानिक विक्रेत्याकडून घेतलेला. अशा बहुतेक प्रोग्रामांप्रमाणे याचाही डेटा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मोफत आवृत्तीत साठतो. पाच वर्षांची बिले, गिऱ्हाइकांची खाती, मालाचा साठा, सगळे मिळून ही फाइल काहीशे एमबीची असते. मोबाइलमधल्या लग्नाच्या एका व्हिडिओपेक्षा ती लहान भरते, आणि ती सुरक्षित ठेवायला काही विशेष लागत असेल असे कोणाला वाटत नाही, त्याचे हेही एक कारण आहे.

डिस्क एकदम जात नाही. फिरत्या डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या चकत्या असतात आणि त्यांच्यावर वाचणारे डोके काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. चकतीवरचा एखादा भाग वाचता येईनासा झाला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते. जमले तर तिथला मजकूर राखीव जागेत हलवते आणि जुनी जागा वापरातून काढून टाकते. दुकानदाराला यातले काही दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की बिल सेव्ह व्हायला पूर्वी क्षणभर लागायचा, आता गिऱ्हाईक उभे असताना दहा-दहा सेकंद लागतात. डिस्क स्वतः याची नोंद ठेवत असते. CrystalDiskInfo सारखा मोफत प्रोग्राम ती नोंद दाखवतो. त्यात `Reallocated Sectors Count` आणि `Current Pending Sector Count` या दोन ओळी शून्य असायला हव्यात. दुसरी ओळ आठवड्याला वाढत असेल तर डिस्क बदलण्याची वेळ आली, मग संगणक कितीही व्यवस्थित चालताना दिसो. आपल्या नमुन्याच्या दुकानात मे महिन्यापासून बिले संथ झाली होती. खानदेशातला मे, पत्र्याखालची उष्णता, पावसाळ्याच्या तोंडावर दिवसातून चार वेळा जाणारी वीज आणि दोन मिनिटेही न तगणारी यूपीएसची बॅटरी, यांपैकी नेमके कारण कोणते हे नंतर सिद्ध करता येत नाही. पाच वर्षांच्या डिस्कला कारण लागतेच असेही नाही.

तीस जूनला सकाळी अकराच्या सुमारास बिल क्रमांक ३१०२ छापून झाले आणि पडदा गोठला. बटण दाबून संगणक बंद-चालू केल्यावर काळ्या पडद्यावर `No bootable device` अशी ओळ आली. इथून पुढच्या तासाभरातल्या निर्णयांवर डेटाचे भवितव्य ठरते. डिस्क दिसत नाही याचे कारण तिची केबल सैल होणे किंवा वीजपुरवठ्याचा डबा बिघडणे हेही असू शकते, म्हणून आधी केबल बदलून पाहणे योग्य. त्यानंतर बायॉसच्या पडद्यावर डिस्कचे नाव आणि क्षमता बरोबर दिसली, तर डिस्क आजारी आहे पण जिवंत आहे. नाव दिसत नाही आणि आतून ठरावीक अंतराने टक-टक आवाज येतो, तर वाचणारे डोके आपली जागा शोधतेय आणि त्याला ती सापडत नाही. अशी डिस्क तत्काळ बंद करायची, कारण डोके चकतीला घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला चकतीवरचा लेप, म्हणजे डेटाच, खरवडला जातो.

या दुकानात डिस्क पहिल्या अवस्थेत होती. नाव दिसत होते, आवाज नव्हता. अशा वेळी करायचे काम एकच: दुसरी तेवढीच किंवा मोठी डिस्क आणून लिनक्सवरून जशीच्या तशी प्रत काढायची. त्यासाठी `ddrescue` हे मोफत साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागा वहीत टिपून पुढे जाते आणि मग त्या जागांकडे परत येते.

```
ddrescue -f -n /dev/sdb /dev/sdc dukan.map
ddrescue -f -d -r3 /dev/sdb /dev/sdc dukan.map
```

इथे `sdb` ही आजारी आणि `sdc` ही नवी डिस्क. ही दोन नावे उलटी पडली तर कोऱ्या डिस्कची प्रत आजारी डिस्कवर लिहिली जाते आणि विषयच संपतो, म्हणून क्षमता आणि अनुक्रमांक पाहून खात्री केल्याशिवाय एंटर दाबू नये. निरोगी एक टीबीची डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने वाचली तर पावणेतीन तासांत प्रत होते. आजारी डिस्कला दोन दिवसही लागतात.

दुकानात घडले ते वेगळे. महिनाअखेर, समोर गिऱ्हाइकांची रांग, त्यामुळे शेजारच्या गल्लीतून आलेल्या कारागिराला सांगितले गेले ते ‘भाऊ, आधी चालू करून द्या’. त्याने डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली आणि `chkdsk /r` ही आज्ञा दिली. ही आज्ञा निरोगी डिस्कवरची विस्कटलेली नोंदवही नीट करण्यासाठी आहे. ती प्रत्येक जागा वाचून पाहते, खराब जागा सोडून देते, फाइलींचे तुकडे इकडून तिकडे करते, म्हणजेच मरणाऱ्या डिस्कला सगळ्यांत जास्त कष्टाचे काम लावते आणि तिच्यावर लिहितेही. चाळीस टक्क्यांवर काम थांबले आणि टक-टक सुरू झाली. अशा प्रसंगी कारागिराला दोष देण्याची रीत आहे. पण डिस्कवर काय आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. संगणक चालू करणे आणि डेटा वाचवणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि पुष्कळदा एक केले की दुसरे हातातून जाते.

मग बॅकअपचा शोध. प्रोग्राम दररोज रात्री दुकान बंद करताना ‘बॅकअप घेऊ का?’ विचारतो आणि नोकर दररोज ‘हो’ दाबतो. ते सगळे बॅकअप `D:\Backup` मध्ये होते. लहान दुकानांतली ही नेहमीची फसगत आहे. पडद्यावर C आणि D असे दोन वेगळे डबे दिसतात, पण एकाच डिस्कचे ते दोन भाग असतात. डिस्क गेली की मूळही गेले आणि प्रतही. दुसरी आशा होती ती गूगल ड्राइव्हच्या फोल्डरची. तिथे डेटाची `.mdf` फाइल सापडली, पण दीड वर्षापूर्वीची. एसक्यूएल सर्व्हर चालू असताना ती फाइल स्वतःच्या ताब्यात ठेवतो, तिची थेट नक्कल होऊ देत नाही. ज्या दिवशी योगायोगाने सेवा बंद होती त्या दिवशी एकदा ती वर चढली, आणि त्यानंतर नाहीच. शेवटी कामास आला तो एक पेनड्राइव्ह. बारा जूनला रात्री कर सल्लागाराकडे मे महिन्याचे आकडे द्यायचे म्हणून त्यावर बॅकअप घेतला होता. म्हणजे बारा जूनपर्यंतचे सगळे हाती आले, शेवटचे बिल क्रमांक १८४६. तेरा ते तीस जून, पेऱ्याचे अठरा दिवस आणि १२५६ बिले, तेवढी गेली.

टकटकणाऱ्या डिस्कवरूनही डेटा मिळू शकतो. धूळमुक्त खोलीत ती उघडून, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे डोके बसवून वाचावी लागते. असे काम करणाऱ्या प्रयोगशाळा मुंबई-पुण्याकडे आहेत. खर्च मोठा, वेळ आठवड्यांचा आणि यशाची हमी नाही. पण बंद करून ठेवलेली डिस्क दोन महिन्यांत आणखी बिघडत नाही. म्हणून ती लगेच पाठवायची घाई करण्याऐवजी पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवणे आणि आधी नुकसान किती ते मोजणे शहाणपणाचे. नुकसान किती हे मोजायचे तर अठरा दिवसांचा व्यवहार इतर कागदांवरून पुन्हा उभा करावा लागतो, आणि बी-बियाण्यांच्या धंद्यात हे वाटते त्याहून बरेच शक्य असते.

पहिले काम बिलांच्या क्रमांकाचे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, सोळा अक्षरांच्या आतला हवा आणि त्या आर्थिक वर्षात दुसऱ्या बिलाला तोच यायला नको. पेनड्राइव्हवरचा बॅकअप नव्या संगणकावर चढवला की प्रोग्राम निमूटपणे पुढचे बिल १८४७ क्रमांकाने काढायला लागतो, आणि तो क्रमांक तेरा जूनला कोणाच्या तरी हातात गेलेला असतो. घाईत दुकान सुरू करणाऱ्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक ती हीच, आणि ती लक्षात येते महिन्यांनी, जेव्हा एकाच क्रमांकाची दोन बिले समोर येतात. म्हणून बॅकअप चढवल्यावर बिल काढण्याआधी पुढचा क्रमांक ३१०३ ला नेऊन ठेवायचा. संगणक येईपर्यंत विक्री थांबवायची गरज नसते. नियम एकाहून अधिक मालिकांना परवानगी देतो. छापील बिलबुकावर ‘ह/१’ पासून वेगळी मालिका सुरू करता येते आणि महिन्याच्या विवरणात दोन्ही मालिकांचा पहिला-शेवटचा क्रमांक दाखवला की झाले.

दुसरे काम मालाचे. दुकानाचे शटर खाली ओढून तीस जूनच्या रात्रीच प्रत्यक्ष मोजणी करणे इथे निर्णायक ठरते, कारण एक जुलैला माल हलला की तो आकडा पुन्हा मिळत नाही. गणित सरळ आहे: बारा तारखेचा शिल्लक साठा, अधिक त्यानंतर आलेली खरेदी, उणे आजची मोजणी, म्हणजे विक्री. खरेदीची बिले फाइलमध्ये असतातच. एखादे हरवले तर पुरवठादाराने भरलेले बिल चौदा जुलैला पोर्टलवर जीएसटीआर-२बी मध्ये दिसते. कपाशीच्या बीजी-२ वाणाची ४७५ ग्रॅमची पिशवी घ्या. बारा जूनला ६४० पिशव्या, नंतर आल्या ४००, मोजणीत निघाल्या २१२. म्हणजे ८२८ विकल्या. या पिशवीची कमाल किंमत केंद्र सरकार दरवर्षी ठरवते आणि २०२५-२६ साठी ती ९०१ रुपये होती. हंगामात मागणी असलेला वाण त्याच भावाने जातो, त्यामुळे विक्री ७ लाख ४६ हजार २८ रुपये. या आकड्यातून कंपनीला परत केलेल्या आणि शेजारच्या दुकानाला उसन्या दिलेल्या पिशव्या वजा कराव्या लागतात. जूनमध्ये अशी उसनवारी फार चालते आणि तिची नोंद बहुधा एखाद्या खोक्याच्या झाकणावर असते. तेव्हा ती झाकणे फेकायची नाहीत.

खतांचे काम आणखी सोपे. अनुदानित खत २०१८ पासून देशभर आधारशी जोडलेल्या पीओएस मशीनवरूनच विकावे लागते. शेतकऱ्याचा अंगठा लागतो आणि नोंद सरकारी सर्व्हरवर जाते. दुकानाची डिस्क गेली तरी कोणत्या दिवशी कोणाच्या नावे किती पोती गेली हे मशीनच्या अहवालात उभे असते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, बाकीच्या खतांचे भाव गोणीवर छापलेले. अठरा दिवसांची खतविक्री अशी सुमारे १३ लाख २० हजार निघाली आणि ती जवळजवळ अचूक म्हणता येते. कीटकनाशकांचा हिशेब मात्र ढिला राहतो. शंभर मिलीपासून लिटरपर्यंत वेगवेगळ्या बाटल्या, गिऱ्हाइकागणिक वेगळी सूट. मोजणीवरून नग कळतात, भाव कळत नाही. तिथे बारा जूनपूर्वीच्या महिनाभराच्या बिलांवरून प्रत्येक मालाचा सरासरी भाव काढून लावणे एवढेच हाती राहते. तो आकडा सुमारे ७ लाख २ हजार आला. मका, तूर, मुगाचे बियाणे सुमारे ४ लाख १२ हजार. सगळे मिळून अठरा दिवसांची विक्री ३१ लाख ८० हजारांच्या आसपास.

करापुरते बोलायचे तर एवढ्यावर काम भागते, आणि हे दुकानदारांना पुष्कळदा ठाऊक नसते. गिऱ्हाईक शेतकरी, म्हणजे जीएसटीत नोंदणी नसलेला. अशा राज्यातल्या राज्यातल्या विक्रीची बिलनिहाय माहिती जीएसटीआर-१ मध्ये मागितलीच जात नाही. दरनिहाय एकत्रित बेरीज, मालाच्या एचएसएन गटांची बेरीज आणि बिलांच्या मालिकेचा पहिला-शेवटचा क्रमांक लागतो. बियाण्यावर कर नाही, खतांवर ५ टक्के, कीटकनाशकांवर १८ टक्के. किंमत करासह असेल तर १८ टक्क्यांचा कर काढायला रकमेला ११८ ने भागून १८ ने गुणायचे. ७ लाख २ हजारांत तो सुमारे १ लाख ७ हजार ८५ रुपये होतो. भावाच्या अंदाजात दहा हजारांची चूक राहिली तर करात फरक पडतो दीड हजारांचा. नंतर खरा आकडा सापडला तर पुढच्या विवरणात दुरुस्ती दाखवता येते. नोंदणीकृत गिऱ्हाइकांची, म्हणजे खेड्यातल्या लहान दुकानदारांची बिले मात्र एकेक द्यावी लागतात. ती थोडी असतात आणि त्यांची प्रत त्या दुकानदाराकडे हमखास मिळते, कारण त्याला त्यावर कराची वजावट घ्यायची असते.

तारखांची अडचणही वाटते तेवढी जवळ नाही. दरमहा विवरण भरणाऱ्याला जीएसटीआर-१ साठी ११ जुलै आणि ३बी साठी २० जुलै. पाच कोटींच्या आतल्या उलाढालीला तिमाही पर्याय घेतलेल्याला महाराष्ट्रात १३ आणि २२ जुलै. आधी येते ती कृषी खात्याची तारीख. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे विक्रेत्याने महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत परवाना अधिकाऱ्याला द्यायचा असतो. त्यासाठी मालाची मोजणी आणि लॉट क्रमांकांसह साठा नोंदवही पुरते. लॉट क्रमांक शक्य तेवढे बिलानुसार जुळवून ठेवणे शेतकऱ्याच्याही हिताचे असते. बियाणे उगवले नाही अशी तक्रार झाली तर कोणत्या लॉटची पिशवी कोणाला गेली, हाच पहिला प्रश्न येतो.

एवढे झाल्यावर खरे नुकसान उघडे पडते. सरकारला द्यायचे आकडे दुसरीकडून गोळा झाले, कारण त्यांची नोंद पुरवठादाराकडे, मशीनवर, गोदामात, कुठे ना कुठे होती. उधारीची नोंद मात्र फक्त दोघांकडे असते, दुकानदाराकडे आणि घेणाऱ्याकडे, आणि त्यातली पहिली डिस्कवर होती.

उधारीची एकूण रक्कम बेरीज-वजाबाकीने काढता येते. अठरा दिवसांत क्यूआर कोडवर आले ८ लाख ६५ हजार, ते बँकेच्या उताऱ्यात आहेत. रोख भरणा, दुकानखर्च आणि गल्ल्यातल्या शिलकेतला फरक मिळून रोख आली १२ लाख ९ हजार. यातले १ लाख ९० हजार जुन्या उधारीची वसुली, ती पावतीपुस्तकावरून कळते. म्हणजे नव्या विक्रीपोटी आले १८ लाख ८४ हजार. विक्री ३१ लाख ८० हजार, तेव्हा उधारी १२ लाख ९६ हजार. ही बेरीज बरोबर असली तरी वसुलीच्या कामाची नाही, कारण तिच्यात एकही नाव नाही.

नावे शोधायला सर्वांत उपयोगी पडली ती कार्बनखालची प्रत. या दुकानात उधारीच्या बिलाची दुकानप्रत गिऱ्हाइकाची सही घेऊन तारेला अडकवण्याची पद्धत होती. जूनच्या गर्दीत ती निम्म्याहून थोडी अधिक पाळली गेली. त्या तारेवरून ७ लाख ४२ हजारांची बिले नावासह निघाली. फिकट कार्बनवर एकाच आडनावाचे आणि एकाच नावाचे तीन-तीन शेतकरी निघतात. तिथे गावाचा शिक्का किंवा पेनाने मारलेला शेरा, ‘वरखेडीचे आप्पा’, ‘नांद्र्याचे मोठे नाना’, तेवढा कामाला येतो. प्रोग्राममध्ये गिऱ्हाइकाच्या नावापुढे गावाचा रकाना रिकामा सोडण्याची सवय अशा वेळी महागात पडते.

दुसरा स्रोत खताच्या मशीनचा अहवाल. तो नाव सांगतो, रोख की उधार ते सांगत नाही. शिवाय अंगठा मुलाचा आणि खाते बापाचे, असे अनेकदा होते. म्हणून त्या यादीतून आधी त्या दिवशी क्यूआरवर पैसे आलेली नावे वगळायची, मग तारेवरच्या बिलांतली, आणि उरलेल्यांशी समक्ष बोलायचे. बोलण्याची रीतही महत्त्वाची. ‘तुमच्याकडे किती येणे आहे?’ असे विचारले तर संगणक गेल्याची बातमी संध्याकाळपर्यंत नगरदेवळ्यापासून पिंपळगाव हरेश्वरपर्यंत पोहोचते. ‘नाना, अठरा तारखेच्या डीएपीच्या चार गोण्या तुमच्या खात्यावर लावल्यात, बिल जवळ आहे ना?’ असे विचारले तर नाना पिशवीतून बिल काढून दाखवतात. बातमी लपवणे हा यातला हेतू नाही, ती लपत नाहीच. ठोस वस्तू आणि तारीख समोर ठेवली की आठवणीला धरायला काहीतरी मिळते, आणि खानदेशातला शेतकरी दुकानदाराशी पुढच्या हंगामाचे नाते ठेवून असतो. या वाटेने ३ लाख १८ हजार जुळले. तिसरा स्रोत नोकराच्या मोबाइलमधला व्हॉट्सॲप. ज्यांना बिलाची पीडीएफ पाठवली होती त्यांची ती तशीच पडून होती, त्यातून आणखी १ लाख २९ हजार निघाले. तिन्ही मिळून ११ लाख ८९ हजार. उरले १ लाख ७ हजार.

इथे कायद्याची एक बाजू लक्षात ठेवावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद पुरावा म्हणून चालते, पण केवळ तेवढ्यावर कोणावर देण्याची जबाबदारी लादता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम ३४ हेच सांगत होते. म्हणजे डिस्क शाबूत असती तरी वाद झाल्यावर तिच्यातल्या नोंदीला सही केलेल्या कागदाचा आधार लागलाच असता. तारेवरची ७ लाख ४२ हजारांची बिले आणि बोलून जुळवलेले ३ लाख १८ हजार हे हिशेबात सारखे दिसले तरी वसुलीत सारखे नाहीत. दुसऱ्या गटाकडून जुळलेल्या रकमेच्या पावतीवर तेव्हाच सही घेणे म्हणूनच गरजेचे.

आता प्रयोगशाळेचा प्रश्न सोडवता येतो. तीस जूनच्या दुपारी नुकसान ‘सगळे’ वाटत होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते १ लाख ७ हजारांवर आले, आणि त्यातला काही भाग दिवाळीला शेतकरी आपणहून आणून देणारा. चकती खरवडलेल्या डिस्कसाठी, यशाची हमी नसताना, एवढ्या रकमेमागे मोठा खर्च करण्यात अर्थ उरत नाही. हीच रक्कम सहा-सात लाख असती तर उत्तर उलटे आले असते.

नव्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात. नव्या संगणकात एसएसडी बसते. तिला फिरणारे भाग नसल्याने ती वेगवान आणि उष्णता-धक्क्यांना चिवट, पण बिघडते तेव्हा बहुधा टक-टक न करता एका क्षणात गप्प होते. म्हणून तिच्या बाबतीत बॅकअप जास्तच लागतो. एक्स्प्रेस आवृत्तीत आपोआप वेळेवर बॅकअप घेणारी सोय नसते. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये रात्रीच्या वेळेला ही आज्ञा लावावी लागते:

```
sqlcmd -S .\SQLEXPRESS -E -Q "BACKUP DATABASE [Dukan] TO DISK='E:\Bkp\Dukan.bak' WITH CHECKSUM, INIT"
```

`E:` ही वेगळी डिस्क हवी, त्याच डिस्कचा भाग नको. `INIT` मुळे रोज जुन्या फाइलवरच नवी लिहिली जाते, तेव्हा वारांप्रमाणे सात नावांच्या सात आज्ञा केलेल्या बऱ्या. या `.bak` फाइलला सर्व्हर धरून ठेवत नाही, त्यामुळे ती गूगल ड्राइव्हवर नीट चढते. दोन पेनड्राइव्ह आलटून-पालटून घरी न्यायचे, कायम जोडलेला ठेवला तर व्हायरस त्यालाही धरतो. आणि महिन्यातून एकदा कर सल्लागाराच्या संगणकावर ती फाइल खरोखर चढवून शेवटचे बिल उघडून पाहायचे. बॅकअप झाल्याचा हिरवा संदेश ही त्याची परीक्षा नव्हे. जीएसटीचा नियम ५७ संगणकी हिशेब ठेवणाऱ्याला असा बॅकअप बंधनकारक करतो: अपघाताने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळात त्या परत उभ्या करता आल्या पाहिजेत. कलम ३६ प्रमाणे नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात, म्हणून तारेवरची बिले, मोजणीचे कागद आणि मशीनचे अहवालही एका फाइलीत, ते कसे जुळवले याच्या टिपणासह, तेवढी वर्षे ठेवावे लागतात.

नाव न लागलेले १ लाख ७ हजार पुस्तकात वेगळ्या अनामत खात्यावर येणे म्हणून राहतात. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस विकून कोणी पैसे आणले आणि त्याचे बिल खात्यात सापडले नाही, की त्या खात्यातून तेवढी रक्कम वळती करून त्याच्या खात्यावर नावे टाकायची आणि बिलाची झेरॉक्स फाइलला लावायची. एकतीस मार्चला जे उरेल ते बुडीत म्हणून खर्ची टाकता येते. त्या विक्रीवरचा जीएसटी मात्र जुलैतच भरलेला असतो, आणि पैसे बुडाले म्हणून तो परत मिळण्याची तरतूद जीएसटी कायद्यात नाही.